नळीवाटे की शिरेवाटे? आहारशास्त्राच्या केस-प्रश्नात पोषणाचा मार्ग कसा निवडायचा

पुण्यात इंटर्नशिप करणाऱ्या आणि आरडीच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलामुलींसोबत बसले की एक गोष्ट हमखास दिसते. केस वाचून आजार कळतो, कॅलरी आणि प्रथिनंही काढता येतात, पण 'एंटरल की पॅरेंटरल, कारणासह लिहा' या ओळीपाशी पेन थांबतो. बहुतेक जण आजाराच्या नावावरून उत्तर ठरवू पाहतात. स्ट्रोक म्हणजे राइल्स ट्यूब, पॅन्क्रिअटायटिस म्हणजे टीपीएन, पोटाचा कॅन्सर म्हणजे टीपीएन. मार्क तिथेच जातात, कारण मार्ग आजाराच्या नावावरून ठरत नाही. आतडं कुठे बंद आहे, त्याच्या खालचं आतडं चालतंय का आणि तिथपर्यंत आपल्याला पोहोचता येतं का, यावरून तो ठरतो.

या लेखात मी एकच केस घेणार आहे आणि तीच शेवटपर्यंत नेणार आहे. केस मुद्दाम अशी निवडली आहे की पहिल्या वाचनात टीपीएनच बरोबर वाटावं.

आधी हाताशी काय हवं

घरी सराव करताना साधा कॅल्क्युलेटर, वही आणि तुमच्या वॉर्डात वापरतात त्या दोन-तीन फॉर्म्युल्यांची लेबलं जवळ ठेवा. लेबलावर एका मिलीलिटरमध्ये किती कॅलरी, एका लिटरमध्ये किती ग्रॅम प्रथिनं आणि ऑस्मोलॅलिटी किती, एवढं वाचता आलं पाहिजे. इंटर्नशिपला असाल तर डाएट हिस्टरीसोबत इनटेक-आउटपुट चार्ट, औषधांचा चार्ट आणि सोडियम, पोटॅशियम, फॉस्फरस, मॅग्नेशियमचे रिपोर्ट मागून घ्या. फॉस्फरस आणि मॅग्नेशियम बऱ्याचदा केलेलेच नसतात. ते करायला सांगणं हा उत्तराचाच भाग आहे.

पाठ असावेत असे आकडे थोडेच आहेत. शिरेवाटे दिलेल्या डेक्स्ट्रोजचे १ ग्रॅमला ३.४ किलोकॅलरी (४ नव्हे), अमिनो अ‍ॅसिडचे १ ग्रॅमला ४ आणि २० टक्के लिपिड इमल्शनचे १ मिलीला २. बाकीचे आकडे केसमध्ये ओघाने येतील.

केस

५६ वर्षांचे गृहस्थ, हडपसरला राहतात. चार महिन्यांपासून भूक कमी आणि दोन आठवड्यांपासून उलट्या. उलटीत सकाळी खाल्लेलं संध्याकाळी पडतं, पित्ताचा हिरवा-पिवळा रंग नसतो. गेले दहा-बारा दिवस पोटात नावापुरतंच जातंय. उंची १६५ सेंमी, वजन ४६ किलो, चार महिन्यांपूर्वी ५६ किलो होतं. एंडोस्कोपीत जठराच्या खालच्या तोंडाशी गाठ आणि जठराचा मार्ग जवळपास बंद. पोटॅशियम ३.०, क्लोराइड ८६, बायकार्बोनेट ३४, फॉस्फरस २.१, मॅग्नेशियम १.६. सर्जन म्हणतात, दहा दिवस तब्येत सुधारून मग ऑपरेशन करू. सध्या डीएनएसच्या अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या रोज चालू आहेत.

प्रश्न: पोषणाचा मार्ग कोणता, का, आणि पहिल्या तीन दिवसांचा आराखडा द्या.

१. आकडेमोडीआधी केसमधून कुपोषण मोजून घ्या

बीएमआय येतो १६.९. वजनातली घट ५६ वरून ४६, म्हणजे १० किलो, जवळपास १८ टक्के, तीही चार महिन्यांत. हे तीव्र कुपोषण आहे आणि उत्तराच्या पहिल्या ओळीत तसं स्पष्ट लिहा. त्यावर पुढची घाई अवलंबून आहे. धडधाकट माणसाचं ऑपरेशननंतर पाच-सहा दिवस आतडं सुस्त राहिलं, तर साधारण सात दिवसांपर्यंत टीपीएन न लावता थांबता येतं, कारण त्या काळात टीपीएनच्या फायद्यापेक्षा जंतुसंसर्गाचा धोका मोठा ठरतो. या रुग्णाकडे थांबायला शिल्लकच नाही. नळी शक्य नसेल तर त्याला लवकर शिरेवाटे द्यावं लागेल. प्रश्नात वजनाची घट दिलेली असते ती यासाठीच.

वजन कुठलं धरायचं यावर मुलं अडतात. कुपोषित रुग्णात आजचं खरं वजन धरा, म्हणजे ४६. 'आदर्श वजन' धरून कॅलरी काढल्या तर सुरुवातच जास्तीची होते आणि त्याचा धोका चौथ्या पायरीत येतो आहे.

२. अडथळ्यावर बोट ठेवा, मग त्याच्या खाली पाहा

आता मुख्य निर्णय. जठराचं खालचं तोंड बंद आहे. उलटीत पित्त नाही, म्हणजे अडथळा पित्तनळी ड्युओडेनममध्ये उघडते त्याच्या वर आहे. केसमध्ये उलटीचा रंग उगाच दिलेला नसतो. ड्युओडेनम, जेजुनम, इलियम, मोठं आतडं, सगळं शाबूत आहे. चालत नाही ते फक्त जठर.

म्हणून 'मार्ग बंद, सबब टीपीएन' हे उत्तर चुकीचं आहे. एंडोस्कोपीने तारेवरून एक बारीक नळी गाठीच्या पलीकडे, जेजुनमपर्यंत सरकवता येते का, हा इथला प्रश्न. येत असेल तर उत्तर नाकातून जेजुनमपर्यंतची नळी, म्हणजे एनजे ट्यूब, आणि नळीवाटे आहार. आतड्यातून अन्न गेलं की तिथलं अस्तर टिकतं, सेंट्रल लाइनचा संसर्ग टळतो, रक्तातली साखर आवाक्यात राहते आणि खर्चही कितीतरी कमी येतो. परीक्षकाला ही कारणं हवी असतात, पण या रुग्णाला जोडून. 'आतडं चालत असेल तर वापरा' हे वाक्य सगळेच लिहितात. 'या रुग्णाचं पायलोरसच्या खालचं आतडं निरोगी आहे आणि तिथे नळी पोहोचते' असं लिहिलंत तर केस वाचल्याचं दिसतं.

आता केसमधली एकच ओळ बदलून पाहा. हाच माणूस, पण अडथळा इलियमच्या शेवटी, पोट फुगलेलं, उलटी पित्ताची आणि गॅस-शौच बंद. इथे नळी अडथळ्याच्या वरच राहणार, खाली पोहोचण्याचा मार्ग नाही, आणि वरून घातलेलं तिथेच साचणार. हा शिरेवाटे पोषणाचा रुग्ण. पुन्हा बदला: अडथळा नाही, पण आतड्याचा रक्तपुरवठा तुटल्यामुळे बराचसा भाग काढून टाकलाय आणि ७० सेंमी जेजुनम उरलंय, तेही पोटावर स्टोमा म्हणून उघडलेलं. आतडं चालतंय, पण त्याची लांबी पुरेशी नाही. जेजुनोस्टोमीच्या वर १०० सेंमीपेक्षा कमी आतडं उरलं तर शोषण अपुरं पडतं आणि शिरेवाटे आधार लागतोच, कधी कधी दीर्घकाळ. आणि तीव्र पॅन्क्रिअटायटिस? तिथे आतडं शाबूत असतं. जुन्या पुस्तकांत टीपीएन सापडेल, पण आता तोंडाने जमत नसेल तर नळीवाटेच देतात. बहुतेकांना जठरातली साधी नळीही सोसते, ती नाही सोसली तर टोक जेजुनममध्ये नेतात.

एक सापळा इथेच सांगते. 'पोटात आवाज ऐकू येत नाहीत, म्हणून एंटरल नको' असा पर्याय प्रश्नात टाकलेला असतो. आवाज नसणं हे नळीवाटे आहार थांबवायला पुरेसं कारण मानत नाहीत. फुगलेलं, ताठ पोट, वाढती वेदना, उलट्या ही कारणं आहेत.

३. नळीचं टोक कुठे आणि किती दिवसांसाठी, हे लिहा

नुसतं 'ट्यूब फीडिंग' लिहिणं म्हणजे अर्धं उत्तर. नाकातून की पोटातून, टोक जठरात की जेजुनममध्ये, हे दोन्ही हवं. साधारण चार आठवड्यांपर्यंतचं काम असेल तर नाकातून. त्याहून लांबणार असेल, उदाहरणार्थ गिळणं गेलेला स्ट्रोकचा रुग्ण, तर पोटातून घातलेल्या पेग ट्यूबचा विचार. आपल्या रुग्णाला ऑपरेशनपर्यंत दहा दिवसांची सोय हवी आहे, म्हणून नाकातूनच. ऑपरेशनच्या वेळी फीडिंग जेजुनोस्टोमी घालून ठेवावी असं सर्जनना सुचवता येतं, तेही उत्तरात लिहा.

या केसमध्ये रुग्णाच्या नाकात दोन नळ्या असण्याची शक्यता आहे, आणि वॉर्डात पाहिलं नसेल तर हे डोळ्यासमोर येत नाही. एक जाड राइल्स ट्यूब, जठरात साचलेलं बाहेर काढणारी, पिशवीला जोडलेली. दुसरी बारीक एनजे, पंपाला जोडलेली. दोन्हींवर ठळक लेबल हवं, नाहीतर रात्रपाळीला फीड राइल्समध्ये जाण्याचा धोका असतो. आणि राइल्सच्या पिशवीत पांढरट, दुधाळ द्रव दिसू लागला तर फीड वर येतंय. एनजेचं टोक घसरून जठरात आलं असावं असं समजून फीड थांबवा आणि एक्स-रे करायला सांगा.

नळीची जागा सुरुवातीलाही एक्स-रेनेच पक्की करतात. जठरातल्या नळीसाठी ओढलेल्या द्रवाचा पीएच ५.५ किंवा कमी आला तर चालतं, पण जेजुनममध्ये आम्लता नसते, तिथे ही चाचणी लागू नाही. हवा मारून स्टेथोस्कोपने आवाज ऐकण्याच्या पद्धतीवर कुठेच भरवसा ठेवू नका.

जेजुनमला जठरासारखी साठवण्याची जागा नाही. म्हणून तिथे ५० मिलीच्या सिरिंजने दर दोन तासांनी २०० मिली असा बोलस देत नाहीत. दिला तर पोटात मुरडा, घाम, जुलाब. पंपावर, संथ आणि सलग द्यायचं. घरचं किंवा रुग्णालयाच्या किचनमधलं मिक्सरमध्ये वाटलेलं फीडही इथे नको. नळी बारीक असल्याने चोंदते, आणि जठरातलं जंतू मारणारं आम्ल आपण ओलांडून गेलेलो असतो. नातेवाइकांना हे समजावणं सोपं नसतं. घरून प्रेमाने डाळीचं पाणी, नाचणीची पेज गाळून आणतात. त्यांना कारण सांगा आणि राइल्स ट्यूब असलेल्या शेजारच्या रुग्णाला चालतं ते यांना का नाही, हेही सांगा. तोंडी परीक्षेत हाच प्रश्न विचारला जाऊ शकतो.

४. फीड सुरू करण्याआधी थांबा: रिफीडिंगचा धोका

हा रुग्ण धोक्याच्या यादीत वरच्या जागी आहे. वजनातली घट १५ टक्क्यांच्या वर, दहा दिवसांहून जास्त नगण्य आहार, आणि खायला देण्याआधीच पोटॅशियम, फॉस्फरस, मॅग्नेशियम कमी. उपासमारीत शरीर चरबीवर चालत असतं. अचानक ग्लुकोज आलं की इन्सुलिन वाढतं, आणि हे तिन्ही क्षार रक्तातून पेशींत ओढले जातात. फॉस्फरस फार खाली गेला तर श्वासाचे स्नायू थकतात, पोटॅशियम-मॅग्नेशियमने हृदयाची लय बिघडते. ग्लुकोज वापरायला थायमिन लागतं आणि साठा आधीच रिकामा असतो.

आता केसच्या शेवटच्या ओळीकडे परत या. डीएनएसच्या दोन बाटल्या रोज. त्यात ५ टक्के डेक्स्ट्रोज असतं, म्हणजे १ लिटरमध्ये ५० ग्रॅम, १७० किलोकॅलरी. नातेवाईक विचारतात, 'सलाईन चालू आहे ना, मग खायची काय घाई?' त्यांना सांगा, दिवसभराच्या त्या सलाईनमध्ये जेमतेम दोन पोळ्यांची ऊर्जा आहे आणि प्रथिनं शून्य. पण रिफीडिंगच्या हिशेबात हेच ५० ग्रॅम ग्लुकोज मोजावं लागतं. ते थायमिनशिवाय चालू आहे, म्हणजे धोका आपल्या फीडच्या आधीच सुरू झालेला आहे. केस लिहिणारा अशा ओळीत उत्तर लपवतो.

उत्तरात असं लिहा: थायमिन १०० मिग्रॅ आत्ता, फीडआधी, आणि पुढे ५ ते ७ दिवस रोज. कमी असलेले क्षार डॉक्टरांकडून शिरेवाटे भरून घेणं. ते फारच खाली असतील तर तोवर कॅलरी सुरू करणं किंवा वाढवणं थांबवणं. पहिले तीन दिवस १२ तासांनी रिपोर्ट. क्लोराइड कमी आणि बायकार्बोनेट जास्त आहे ते जठरातलं आम्ल उलटीतून गेल्यामुळे. ते सलाईन आणि पोटॅशियम क्लोराइडने सुधारतं, आणि ते काम डॉक्टरांचं. आपण फक्त हे ओळखल्याचं एका ओळीत दाखवा.

५. नळीवाटे आराखडा

लक्ष्य: ३० किलोकॅलरी दर किलोला, म्हणजे १३८०, आपण १४०० धरू. प्रथिनं दर किलोला १.५ ग्रॅम, म्हणजे ६९, धरू ७०.

सुरुवात लक्ष्यापासून नाही. पहिल्या दिवशी १० किलोकॅलरी दर किलोला, म्हणजे ४६० च्या आसपास. १ मिलीला १ किलोकॅलरी असा फॉर्म्युला ताशी २० मिलीने २४ तास चालवला की ४८० येतात. डीएनएस काढून साधं सलाईन लावायला सांगा, नाहीतर त्यातले १७० वरून मिळून ६५० होतात. क्षार सावरलेले असतील तर दुसऱ्या दिवशी ताशी ४० मिली आणि तिसऱ्या दिवशी ६०. प्रत्येक पाऊल लक्ष्याच्या साधारण एक तृतीयांश आहे. पहिल्या ४८ तासांत फॉस्फरस आणखी घसरला तर पुढचं पाऊल न टाकता आहे तिथेच थांबायचं, गरज पडली तर निम्म्यावर यायचं. 'तिसऱ्या दिवशी लक्ष्य गाठायचंच' असं लिहू नका, 'रिपोर्ट पाहून' हे शब्द हवेत.

मग दोन तपासण्या, ज्या बरेच जण विसरतात. पहिली प्रथिनांची. सर्वसाधारण फॉर्म्युल्यात लिटरला ४० ग्रॅम प्रथिनं असतील तर १४०० मिलीत ५६ ग्रॅम. १४ ग्रॅम कमी पडतात, म्हणून जास्त प्रथिनांचा फॉर्म्युला निवडा. दुसरी पाण्याची. अशा फॉर्म्युल्यात साधारण ८४ टक्के पाणी असतं, म्हणजे १४०० मिलीत सुमारे ११८० मिली. गरज दर किलोला ३० मिलीने १३८०. उरलेले २०० मिली नळी धुण्याच्या पाण्यातूनच भरतात: दर चार तासांनी ३० मिली निर्जंतुक पाणी, दिवसाला १८०. राइल्समधून जे बाहेर जातं ते डॉक्टर सलाईनने वेगळं भरून काढतात, ते या हिशेबात घालू नका.

फीड सुरू झाल्यावर जुलाब लागले की 'फीड बंद करा, टीपीएन लावा' हे उत्तर मोहात पाडतं. आधी औषधांचा चार्ट पाहा. सॉर्बिटॉल असलेली पातळ औषधं, अँटिबायोटिक्स, पोटॅशियमचं सिरप ही कारणं फॉर्म्युल्याआधी तपासायची. चार पातळ शौच हे आतडं नापास झाल्याचं लक्षण नाही.

६. नळी पलीकडे गेलीच नाही तर

परीक्षक केस इथे वळवतो: 'एंडोस्कोपीत तार गाठीपलीकडे जाऊ शकली नाही.' खालचं आतडं अजूनही निरोगी आहे, पण आता तिथे पोहोचण्याची वाट नाही. ऑपरेशनने जेजुनोस्टोमी करता येईल, पण क्षार बिघडलेल्या, खंगलेल्या माणसाला लगेच भूल देणं सर्जन टाळतील. तीव्र कुपोषित रुग्णाला मोठ्या ऑपरेशनआधी ७ ते १४ दिवस पोषण देण्याचा फायदा होतो, आणि नळी शक्य नसेल तेव्हा ते शिरेवाटे द्यायचं असतं. इथे टीपीएन बरोबर आहे, आणि आता तुमच्याकडे ते लिहायला नेमकं कारण आहे.

लक्ष्याच्या दिवसाचा हिशेब करू. अमिनो अ‍ॅसिड ७० ग्रॅम, २८० किलोकॅलरी. २० टक्के लिपिड २०० मिली, ४०० किलोकॅलरी. त्यात ४० ग्रॅम चरबी, म्हणजे दर किलोला १ ग्रॅमच्या आत. उरले ७२०, भागिले ३.४, म्हणजे डेक्स्ट्रोज सुमारे २१२ ग्रॅम.

हा आकडा तसाच सोडू नका, वेग तपासा. २१२ ग्रॅम म्हणजे २,१२,००० मिग्रॅ. भागिले ४६ किलो, भागिले दिवसाची १४४० मिनिटं, येतं मिनिटाला दर किलोला ३.२ मिग्रॅ. मर्यादा ४ ते ५ ची, म्हणजे ठीक. लिपिड गाळून सगळ्या कॅलरी डेक्स्ट्रोजमधून दिल्या असत्या तर हाच वेग ५ वर गेला असता. जास्तीचं ग्लुकोज यकृतात चरबी म्हणून साठतं आणि साखर चढते.

आता कुठली शीर? ढोबळ हिशेब असा: अमिनो अ‍ॅसिडचे ग्रॅम गुणिले १०, डेक्स्ट्रोजचे ग्रॅम गुणिले ५. म्हणजे ७०० अधिक १०६०, मिळून १७६०. पिशवी साधारण १.४ लिटरची होईल, भागाकार सुमारे १२५० मिलिऑस्मोल दर लिटर, क्षार न धरताच. हातावरच्या शिरेला ९०० पर्यंतच सोसतं, त्यावर शीर सुजते आणि बंद पडते. म्हणून सेंट्रल लाइन किंवा पिक लाइन, आणि तिची एक वाट फक्त टीपीएनसाठी राखून. त्यातूनच अँटिबायोटिक किंवा रक्त द्यायचं नाही.

पहिला दिवस इथेही छोटाच. डेक्स्ट्रोज १०० ग्रॅम, ३४० किलोकॅलरी, अमिनो अ‍ॅसिड ४० ग्रॅम, १६० किलोकॅलरी, एकूण ५००. थायमिनचा नियम तोच, उलट अधिक कडक, कारण ग्लुकोज थेट रक्तात जातंय. रोजची जीवनसत्त्वं आणि सूक्ष्म खनिजं पिशवीत वेगळी घालावी लागतात. तयार मिळणाऱ्या तीन कप्प्यांच्या पिशवीत ती आधीपासून नसतात, हे लिहिलंत तर परीक्षकाला कळतं की तुम्ही पिशवी हातात घेऊन पाहिली आहे.

नजर कशावर ठेवायची? साखर १४० ते १८० मध्ये. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं तर लिपिड थांबवणं. आणि टीपीएनवर काही दिवस बरा असलेल्या रुग्णाला अचानक थंडी वाजून ताप आला, साखर कारणाशिवाय चढली, तर आधी लाइनच्या संसर्गाचा संशय. अशा वेळी कॅलरीची फेरमांडणी करत बसायचं नाही, डॉक्टरांना कळवायचं.

७. केस आणखी वळते: ऑपरेशननंतरचा चौथा दिवस

समजा एनजेवर दहा दिवस नीट गेले, जठराचा भाग काढला आणि सर्जननी फीडिंग जेजुनोस्टोमी घातली. दुसऱ्या दिवशी ताशी २० मिलीने फीड सुरू झालं. चौथ्या दिवशी ताप, नाडी १३०, पोट ताठ, ड्रेनमधून पित्त, रक्तदाब टिकवायला नॉरअ‍ॅड्रेनलिन आणि त्याचा डोस दर तासाला वाढतोय. प्रश्न: आता मार्ग कोणता?

या क्षणी दोन्ही नाहीत, हे उत्तर लिहायला धीर लागतो. रक्तदाब असा ढासळत असताना आतड्याला पुरेसं रक्त मिळत नाही. तशा आतड्यात फीड ढकललं तर ते काळं पडण्याचा धोका असतो, म्हणून फीड बंद. आणि 'मग टीपीएन' हेही नाही, कारण शॉकमध्ये शरीर ते वापरू शकत नाही, साखर आणि क्षार मात्र बिघडतात. आधी रक्तदाब, संसर्ग, गरज असल्यास पुन्हा ऑपरेशन. पोषणाचा विचार रुग्ण स्थिरावल्यावर, बहुधा एक-दोन दिवसांनी. नॉरअ‍ॅड्रेनलिन कमी डोसवर स्थिर असेल किंवा उतरत असेल तर मात्र संथ फीड देता येतं. केसमध्ये डोस 'वाढतोय' की 'उतरतोय' हा शब्द शोधा.

दोन दिवसांनी तो स्थिरावतो. गळती जठर-आतड्याच्या जोडापाशी आहे, सीटीत तसं दिसलंय. पुन्हा बोट ठेवा: गळती कुठे, आणि जेजुनोस्टोमीची नळी कुठे? नळी गळतीच्या खाली आहे. म्हणजे 'फिस्टुला आहे, सबब टीपीएन' हे पाठ केलेलं वाक्य इथेही लागू नाही. पोट मऊ झालं की खालूनच पुन्हा ताशी १० मिलीने सुरुवात करता येते. नळी गळतीच्या वर असती तरच खालच्या आतड्यापर्यंत वाट उरली नसती.

पण पोट अजून फुगलेलं आहे, १० मिलीलाही दुखतंय, असं दिलं असेल तर या रुग्णात सात दिवसांची वाट न पाहता टीपीएन सुरू करा, कारण कुपोषण पहिल्या दिवसापासूनचं आहे. जेजुनोस्टोमीतला थेंब सोसत असेल तेवढा चालू ठेवा.

८. शिरेवरून परत आतड्यावर

पोट उतरलं, गॅस सरला, फीड वाढू लागलं की टीपीएन तेवढंच कमी करायचं. दोन्हींची बेरीज १४०० च्या आसपास ठेवा. इथली चूक एकच असते: फीड वाढत जातं, टीपीएनची पिशवी मात्र रोज पूर्ण लागते, आणि रुग्णाला २००० च्या वर कॅलरी जाऊ लागतात. गरजेच्या ६० टक्के नळीवाटे मिळू लागले की टीपीएन बंद करता येतं. आपल्या रुग्णासाठी ते ८४० किलोकॅलरी, म्हणजे ताशी ३५ मिली फीड सलग २४ तास, कागदावर नव्हे तर प्रत्यक्षात गेलेलं. पंपावर लावलेला वेग आणि इनटेक चार्टवरचं एकूण यांत फरक पडतो, कारण स्कॅन, ड्रेसिंग, फिजिओथेरपीसाठी फीड थांबतं. म्हणून आदल्या दिवशीचं एकूण पाहा. बंद करताना शेवटचे एक-दोन तास टीपीएनचा वेग निम्म्यावर आणा, तासाभराने साखर तपासायला सांगा, आणि इन्सुलिन चालू असेल तर त्याचा डोस त्याच वेळी कमी करायची आठवण सिस्टरांना लेखी द्या.